३६ ग्रॅम हलका बूट, जो हलका नव्हताच

धावायचे बूट घेताना मी आकडे वाचतो. रंग, जाहिरात, कोण घालतो, याच्या भानगडीत पडत नाही. त्यामुळे आपल्याला कोणी फसवणार नाही असं मला वाटायचं. मला फसवलं ते आकड्यांनीच.

जुन्या जोडीचे ७०० किलोमीटर झाले होते, तळ गुळगुळीत झाला होता. त्या जोडीचा ड्रॉप १० मिलिमीटर, म्हणजे टाच चवड्यापेक्षा १० मिलिमीटर उंच. वर्षभरापूर्वी टाचेमागची शीर, ज्याला आपण धावणारे अकिलीस म्हणतो, ती दुखून मी दोन महिने घरी बसलो होतो. म्हणून अट एकच होती, ड्रॉप ८च्या खाली नको. बूट विकणाऱ्या एका साइटवर दोन मॉडेलं शेजारी शेजारी मांडलेला तक्ता सापडला. एक निळा बूट, एक करडा. नावं घेत नाही, रंगांवरच भागवू.

तक्त्यात निळ्याचं वजन २३२ ग्रॅम होतं, करड्याचं २६८. निळ्याची तळाची जाडी टाचेखाली ३८ आणि चवड्याखाली २८, ड्रॉप १०. करड्याची ३३ आणि २५, ड्रॉप ८. निळ्यासमोर वापर लिहिला होता ‘रोजचा सराव, लॉंग रन, शर्यत’. करड्यासमोर नुसतंच ‘रोजचा सराव’. म्हणजे निळा ३६ ग्रॅमने हलका, टाचेखाली ५ मिलिमीटर जाड, ड्रॉप माझ्या जुन्या बुटाइतकाच आणि वर सगळ्या कामाचा. जास्त फोम आणि कमी वजन हे एकत्र कसं, असा प्रश्न पडला होता. पण हल्लीचे काही फोम खरोखरच हलके असतात, तेव्हा ते अशक्य नव्हतं. निळा मागवला.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली चार-पाच पावलं लंगडत टाकावी लागू लागली. टाचेच्या वर दोन बोटांवर चिमटीत धरलं की नेमकं दुखायचं. ओळखीचं दुखणं. दोष मी स्वतःलाच दिला, कारण त्याच सुमारास लॉंग रन १६ वरून २० किलोमीटरवर नेला होता. तोही कारणीभूत असणारच, सगळं खापर बुटावर फोडत नाही.

उलगडा झाला तो योगायोगाने. आमच्या ग्रुपमधला एक मित्र करडा बूट वापरतो, तोही माझ्याच साइझचा, यूके ९. धावून झाल्यावर त्याने माझा बूट हातात घेतला आणि म्हणाला, “अरे, हलका कसला? माझ्याएवढाच आहे की.” घरी जाऊन दोन्ही बूट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. लेस आणि आतली गादी तशीच, बूट कोरडे. निळा २७३ ग्रॅम, करडा २७८. ३६ ग्रॅमचा फरक ५ ग्रॅमवर आला होता. एवढा तर एकाच जोडीच्या डाव्या-उजव्यातही निघतो.

मग निळ्या बुटाच्या कंपनीचं मूळ पान उघडलं. तिथे २३२ ग्रॅम लिहिलेलंच होतं, खोटं काही नाही. फक्त खाली बारीक अक्षरात ‘महिला, यूके ५’ असं होतं. करड्याचे २६८ ग्रॅम ‘पुरुष, यूके ८’ या साइझचे होते. तक्ता बनवणाऱ्याने दोन्हीकडचे आकडे उचलले आणि साइझ गाळली.

बुटाचं वजन नेहमी एका पायाचं आणि एका ठराविक नमुना साइझचं दिलेलं असतं. पुरुषांच्या बुटांसाठी तो बहुधा यूके ८च्या आसपास असतो, महिलांच्या बुटांसाठी बराच लहान. करडा ८ नंबरमध्ये २६८ आणि माझ्या मित्राचा ९ नंबर २७८, म्हणजे एका साइझला १० ग्रॅम. बुटागणिक हे थोडं कमीजास्त होतं, पण अंदाजाला पुरतं. निळ्याला ५ पासून ८ पर्यंत तीन साइझ चढवल्या की २३२चे २६२ होतात, ९ नंबरला २७२. काट्यावर २७३ आले होते. हा हिशोब बूट मागवायच्या आधी कागदावर दोन मिनिटांत झाला असता. साइझ लिहिलेली नसेल तर वजनाचा आकडा तुलनेला मी आता धरतच नाही.

वजनाची लबाडी पचली असती. ५ ग्रॅम काय आणि ३६ काय, माझ्या वेगाला फार फरक पडत नाही. खरी गोम जाडीत होती.

तळाची जाडी, म्हणजे स्टॅक, दोन प्रकारे सांगतात. एक, आतली काढता येणारी गादी धरून. दुसरी, ती वगळून. ही गादी साधारण ४-५ मिलिमीटरची असते, आणि ती धरली की नाही हे प्रत्येक कंपनी सांगतेच असं नाही. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सच्या नियमात मात्र गादी धरूनच मोजतात. रस्त्यावरच्या शर्यतीसाठी ४० मिलिमीटरची जी मर्यादा आहे ती पायाखालच्या सगळ्या थरांची मिळून आहे. २०२१ साली व्हिएन्ना मॅरेथॉनमध्ये पहिला आलेला धावपटू याच नियमाने बाद झाला होता, त्याच्या बुटाचा तळ ५ सेंटिमीटरचा निघाला.

निळ्याच्या मूळ पानावर दोन ओळी होत्या. ‘गादीविना टाच ३३, चवडा २८’ आणि त्याखाली ‘गादीसह टाचेखाली ३८’. करड्याच्या पानावर फक्त गादीविना आकडे, ३३ आणि २५. आता तक्ता पुन्हा बघा. निळ्याची टाच ३८ लिहिली ती गादी धरून, चवडा २८ लिहिला तो गादी काढून. दोन्हींची वजाबाकी करून ड्रॉप १० छापला. गणित बरोबर, पण वजाबाकी दोन वेगळ्या मापांची! करडा बिचारा दोन्हीकडे गादीविना.

सरळ हिशोब असा होता. गादीविना निळा ३३ आणि २८, ड्रॉप ५. गादी घातली की ३८ आणि ३३, ड्रॉप पुन्हा ५. करडा गादीविना ३३ आणि २५, गादी घातली की ३८ आणि ३०, ड्रॉप दोन्ही वेळा ८. टाचेखाली दोघेही सारखेच जाड. आणि ज्या एका आकड्यासाठी मी निळा निवडला, तोच करड्यापेक्षा ३ने कमी आणि माझ्या जुन्या बुटाच्या निम्मा.

यातली एक गोष्ट आधी लक्षात आली असती तर मी वाचलो असतो. गादी टाचेखालीही असते आणि चवड्याखालीही. ती धरा किंवा काढा, जाडीचे दोन्ही आकडे जवळपास सारखेच वरखाली होतात, ड्रॉप हलत नाही. काही गाद्या टाचेकडे जराशा जाड असतात, तिथे मिलिमीटरभर इकडेतिकडे होईल. पण एकाच बुटाचा ड्रॉप एका ठिकाणी १० आणि दुसऱ्या ठिकाणी ५ दिसला, तर कोणीतरी मापं मिसळली आहेत हे नक्की. मी कंपनीचं पान बघितलं असतं तर हे तिथेच दिसलं असतं. मी फक्त तक्ता बघितला.

ड्रॉप कमी झाला की दर पावलाला पोटरी आणि अकिलीसवर जास्त ताण येतो. १० वरून एकदम ५ वर उतरायचं आणि त्याच आठवड्यांत अंतरही वाढवायचं, हे मी समजून उमजून कधीच केलं नसतं. गंमत म्हणजे ५चा ड्रॉप वाईट नाही. गुडघ्याची तक्रार असलेल्या कोणाला तो कदाचित सोयीचाच पडेल. मला नको होता, एवढंच.

तक्रार करायची तर पुरावा हवा, म्हणून बूट मोजला. बाहेरून पट्टी लावून उपयोग नसतो, कारण फोमच्या कडा वाटीसारख्या वर आलेल्या असतात आणि टाच त्या वाटीत खोल बसते. बाहेरून माझ्या बुटाचा तळ चांगला ५० मिलिमीटर दिसतो. लेथवर काम करणाऱ्या एका मित्राकडून वाकड्या पायांचा कॅलिपर आणला. एक टोक बुटाच्या आत, दुसरं तळाखाली. बाहेर काढताना पाय फाकवावे लागतात, म्हणून आधी सांध्यावर पेन्सिलची खूण केली आणि बाहेर काढल्यावर त्याच खुणेवर परत आणून अंतर मोजलं. जागाही ठरवून घेतली. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स बुटाच्या आतल्या लांबीच्या १२ टक्क्यांवर टाच आणि ७५ टक्क्यांवर चवडा मोजतं. माझ्या बुटाची आतली लांबी २८० मिलिमीटर, म्हणजे मागून ३४ वर आणि २१० वर. तीनदा मोजलं. टाच ३८, चवडा ३३, एखाद मिलिमीटरची चूक धरूनही १०चा ड्रॉप कुठूनही निघेना.

वापराबद्दल थोडक्यात. कंपनीच्या पानावर निळ्यासमोर ‘टेम्पो’ एवढाच शब्द होता, म्हणजे जरा वेगाने धावायच्या दिवसांचा बूट. ‘रोजचा सराव, लॉंग रन’ ही भर विकणाऱ्याची. बूट उलटा केला असता तरी कळलं असतं. रबर फक्त टाचेच्या बाहेरच्या कडेला आणि चवड्यावर, मधे उघडा फोम. मी टाचेवर उतरणारा, २०० किलोमीटरमध्ये तिथला उघडा फोम खरवडला गेला. करड्याच्या तळाला रबर जवळजवळ सगळीकडे आहे.

तक्त्याचा स्क्रीनशॉट, कंपनीचं पान, कॅलिपरचे फोटो, सगळं विकणाऱ्याला पाठवलं. उत्तर आलं, “सर, माहिती कंपनीकडूनच येते, आणि वापरलेला बूट परत घेता येत नाही.” न वापरता अकिलीस कशी दुखावी, हे विचारायचा मोह आवरला. फक्त लिहिलं की तक्ता तरी दुरुस्त करा. त्याला उत्तर नाही.

करडा घेतला, अंतर १० किलोमीटरवर आणलं, सकाळची लंगड गेली. निळा आठवड्यातून एकदा, छोट्या वेगाच्या धावेला वापरतो. परवा सहज त्या साइटवर डोकावलो. निळ्याचा ड्रॉप आता ५ झालाय. वजन अजून २३२च आहे, साइझशिवाय.