‘खारूताई बचत’ की ‘माझा गल्ला’?

सांगलीतल्या आमच्या सहकारी बँकेत मुलांच्या बचत खात्याला नाव द्यायचं होतं. चित्र ठरलंच होतं: गालात शेंगदाणे कोंबलेली खार. प्रश्न एवढाच, की खात्याला तिचंच नाव द्यायचं का.

‘खारूताई बचत’ पहिलीतल्या पोरांना लगेच आवडतं. खार दाणे साठवते, तसे आपण पैसे. समजावून सांगावं लागत नाही. पण रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या सूचनेनुसार बँकेची तयारी असेल तर दहा वर्षांपुढचं मूल स्वतः खातं उघडून चालवू शकतं. म्हणजे स्लिप भरणारा तेरा-चौदा वर्षांचा मुलगाही असणार. मित्रांसमोर खिडकीत “खारूताईत पन्नास भरायचेत” असं तो म्हणेल? माझा भाचा तरी पासबुक दप्तरातून काढणार नाही.

‘माझा गल्ला’ सहा वर्षांच्या आणि सोळा वर्षांच्या, दोघांच्याही तोंडी बसतो. अडचण वेगळीच आहे. हळदीच्या पेठेत गल्ला म्हणजे दुकानातली पैशाची पेटी, त्यामुळे एका संचालकांना ते व्यापाऱ्याचं चालू खातं वाटलं. ‘माझा’ जोडल्यावर तो घोळ बराच मिटतो. शिवाय गल्ला शेवटी फोडायचाच असतो, अशीही एक शंका निघाली. माझ्या मते हरकत नाही. सायकलसाठी पैसे काढणं हाही बचतीचाच भाग.

माझं मत गल्ल्याला. खार पासबुकाच्या कव्हरवर राहू द्या, नावात नको. अठराव्या वर्षी नवीन सहीचा नमुना घेऊन खातं साध्या बचतीत जाईल, तेव्हा फक्त कव्हर बदलेल.