दुकानाचा जीमेल जुन्या माणसाच्या फोनवर अडकलाय, त्याला फोन करायचा, दुकानातल्या पीसीवरून बदलायचं, का रिकव्हरी फॉर्म भरायचा?

मामांचं बडोद्यात दांडिया बाजारात छपाईचं दुकान आहे, पत्रिका, बिलबुकं वगैरे. ऑर्डरी सगळ्या एका जीमेलवर येतात आणि त्याला टू-स्टेप लावून दिलं होतं तेव्हा दुकानात असलेल्या पोराने, स्वतःच्याच फोनवर. तो आता सुरतला नोकरीला आहे. मामांनी नवा फोन घेतला, लॉगिन करायला गेले, पासवर्ड बरोबर, पण कोड सुरतला! मला फोन आला, "अरे, तू जरा ये बघू."

रस्ते तीन आहेत आणि मी तिन्ही थोडेथोडे करून बघितलेत.

दुकानातला पीसी. कुठल्या तरी ब्राउझरमध्ये तो जीमेल अजून उघडा असेल तर माझं मत ठाम आहे, इथूनच सुरुवात करा आणि तोपर्यंत लॉगआउटला हातसुद्धा लावू नका, हिस्टरी साफ करू नका, भाच्याला "जरा पीसी फॉरमॅट करून दे" म्हणू नका. myaccount.google.com उघडायचं, Security मध्ये 2-Step Verification वर क्लिक करायचं. पासवर्ड परत विचारतं, आणि नेहमीचा पीसी असेल तर बऱ्याचदा तेवढ्यावर आत सोडतं. कधीकधी मात्र इथेही कोड मागतं, आमच्याकडे तेच झालं.

म्हणून मग दुसरा रस्ता, त्या पोराला फोन. लोक लाजतात, पण भांडून गेला नसेल तर याच्याइतकं झटपट काही नाही, दहा मिनिटांचं काम. फक्त आधी विचारा कोड येतो कुठे, एसएमएसमध्ये का ऑथेंटिकेटर ॲपमध्ये. ॲपमधला कोड दर ३० सेकंदांनी बदलतो, व्हॉट्सॲपवर पाठवेपर्यंत शिळा होतो, तेव्हा कॉल चालू ठेवून वाचून घ्यायचा. "कोड कुणाला सांगू नका असं लिहिलंय ना," म्हणून तो कचरला, आणि बरोबरच आहे त्याचं, मग मामा स्वतः बोलले तेव्हा दिला. आम्ही त्याला वेळही दुपारची जेवणाच्या सुट्टीतली विचारून घेतली होती.

आत शिरल्यावर क्रम महत्त्वाचा. आधी मामांचा नंबर टाकला, मामांच्या फोनवर ऑथेंटिकेटर लावलं (ते बदललं की त्याच्या ॲपमधले कोड बाद होतात), नवे बॅकअप कोड काढले, ते १० येतात आणि नवे काढले की जुना संच मरतो. मग त्याचा नंबर काढला. उलट केलं असतं तर मध्येच लटकलो असतो.

आता लोक फसतात ते इथे. टू-स्टेपचा नंबर वेगळा आणि Recovery phone वेगळा, दोन वेगळ्या जागा आहेत, एक बदलून दुसरा तसाच राहतो. आणि "तुम्हीच आहात का, Yes दाबा" ही सूचना नंबरवर जात नाही, अकाउंट ज्या फोनमध्ये लॉगिन आहे तिथे जाते, म्हणून Your devices मध्ये जाऊन त्याचा फोन साइन आउट केला. तो तिथे होता, मॉडेलच्या नावासकट! पासवर्ड त्यानंतर बदलला. एवढं करूनही रिकव्हरी नंबर बदलल्यावर ७ दिवस गूगल जुन्या नंबरवर कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं, तेव्हा लगेच "झालं नाही" म्हणून घाबरायचं नाही.

तिसरा रस्ता म्हणजे g.co/recover वरचा फॉर्म. पोरगा फोन उचलत नाही आणि उघडा ब्राउझरही नाही, तरच. दुकानातल्याच पीसीवरून, तिथल्याच वायफायवरून भरा, घरून मोबाइल डेटावर भरला तर ओळख पटणं अवघड होतं. उत्तर यायला तीन ते पाच कामाचे दिवस जाऊ शकतात आणि नकारही येऊ शकतो, फुकटच्या जीमेलला वर दाद मागायला कुणी माणूस नसतो. लग्नसराईत पाच दिवस मेल बंद म्हणजे काय ते छपाईवाल्याला सांगायला नको. दुकानाच्या डोमेनवरचा पैसे भरून घेतलेला गूगल वर्कस्पेस असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ॲडमिन कर्मचाऱ्याच्या खात्यासाठी बॅकअप कोड काढून देतो, प्रश्नच मिटतो. पण ॲडमिनच गेलेला पोरगा असेल तर परत तिथेच.

घरातलं माणूस वारलंय आणि कोड त्यांच्या नंबरवर येतात असं असेल तर मात्र यातलं काहीही करायच्या आधी ते सिम रिचार्ज करा. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो, आणि मग कोड त्या अनोळखी माणसाकडे. माझ्या मावशीने काकांचं सिम साध्या बटणाच्या फोनमध्ये टाकून देवघराशेजारी चार्जिंगला लावून ठेवलंय, सगळी खाती तिच्या नंबरवर येईपर्यंत ते तिथेच राहणार.