नो-कॉस्ट ईएमआयवर घेतलेला फ्रिज: नऊ हप्ते फेडल्यानंतरचा अनुभव

गेल्या एप्रिलमध्ये सांगलीत आम्ही दोन दारांचा फ्रिज घेतला. किंमत ३६,००० रुपये, नऊ महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय, महिन्याला ४,००० रुपये. नऊ चोक छत्तीस, म्हणजे व्याज शून्य, असा सरळ हिशेब होता. जानेवारीत शेवटचा हप्ता गेला. फ्रिजबद्दल माझी काही तक्रार नाही, बर्फ छान होतो, आवाज नाही. हा अनुभव त्या हप्त्यांचा आहे, कारण तो फ्रिज मला ३६,००० ला पडलाच नाही. आणि जे जास्त गेलं त्यातला मोठा भाग कुठल्याच बिलात जादा खर्च म्हणून लिहिलेला नव्हता.

कळलं ते असं. माझ्या जावेने त्याच आठवड्यात, त्याच दुकानातून, तेच मॉडेल घेतलं. तिने सगळे पैसे यूपीआयने एकदम दिले. मे महिन्यात वॉरंटीची नोंदणी करायला दोघी दोन्ही बिलं घेऊन बसलो. मॉडेलचा नंबर अक्षरन्‌अक्षर तोच. तिच्या बिलावर ३३,५००. माझ्या बिलावर ३६,०००, त्याखाली "सूट २,२८७" आणि मग ३३,७१३. ही सूट मला कुणी बोलून दाखवली नव्हती, आणि हप्ते तर ३६,००० च्याच हिशेबाने चालू होते. मग ती सूट गेली कुठे?

कार्ड घासल्यावर मशिनमधून आलेली स्लिप पाकिटात होती. ती तेव्हा नीट वाचली. कर्जाची रक्कम ३३,७१३, व्याजदर वार्षिक १६ टक्के, मुदत ९ महिने, हप्ता ४,०००, एकूण व्याज २,२८७. म्हणजे जेवढी सूट, तेवढंच व्याज. नो-कॉस्ट ईएमआय चालतो तो असाच. बँक फुकट पैसे देत नाही, ती तिचं १६ टक्के व्याज घेतेच. फक्त होणाऱ्या व्याजाइतकी रक्कम आधीच किमतीतून वजा करतात आणि उरलेल्या रकमेचं कर्ज देतात. व्याज चढून बेरीज परत मूळ छापील किमतीवर येते, म्हणून आपल्याला ते शून्य दिसतं.

इथवर फसवणूक अशी काही नाही. खरा प्रश्न एवढाच की ती २,२८७ ची सूट कुणाच्या खिशातून आली. मी पुन्हा दुकानात गेले आणि मालकांना दोन्ही बिलं दाखवली. त्यांनी लपवाछपवी केली नाही, याचं मला बरं वाटलं. म्हणाले, "वहिनी, काही मॉडेलवर व्याज कंपनी भरते, तिथं आम्हाला काही फरक पडत नाही. या मॉडेलवर ते आम्हालाच सोसावं लागतं. मग रोख देणाऱ्याला जी सूट देतो, ती हप्तेवाल्याला कुठून देणार?" म्हणजे फ्रिजची खरी किंमत ३३,५०० च्या आसपासच होती. ३६,००० हा आकडा व्याज पोटात घेऊन बसलेला होता, आणि मला मिळालेली "सूट" मीच मोजलेल्या जादा किमतीतून आली होती.

आता प्रत्यक्ष बिलांकडे येते, कारण दुसरा खर्च तिथे दिसतो. कार्डाचं पहिलं बिल ४,००० चं नव्हतं, ४,३१६ चं होतं. त्यात १९९ रुपये प्रोसेसिंग फी, त्यावर १८ टक्के जीएसटी ३६ रुपये. आणि आणखी एक ओळ होती, ८१ रुपये जीएसटी, जी मला आधी उमगेना. ती त्या महिन्याच्या व्याजावरची होती. पहिल्या महिन्याचं व्याज ४५० रुपये, त्याचे १८ टक्के ८१. क्रेडिट कार्डावरच्या व्याजाला जीएसटी लागतो. किमतीतून वजा झालेली सूट फक्त व्याजाची भरपाई करते, जीएसटीची नाही. मुद्दल फिटत जाईल तसं व्याज कमी होतं आणि जीएसटीही. शेवटचं बिल ४,००९ चं आलं. नऊ महिन्यांत व्याजावरचा जीएसटी ४१२ रुपये झाला, फी आणि तिचा कर धरून २३५. म्हणजे नो-कॉस्ट हप्त्यांवर उघडपणे ६४७ रुपये गेले.

एकूण माझे ३६,६४७ गेले, जावेचे ३३,५००. फरक ३,१४७.

हे ऐकून घरात पहिली प्रतिक्रिया अशी आली की ३३ हजारांवर तीन हजार म्हणजे नऊ-साडेनऊ टक्के, एवढं चालायचंच. मीही क्षणभर हो म्हटलं. पण ते पैसे आपल्याकडे नऊ महिने राहतच नाहीत. पहिला हप्ता महिन्याभरातच परत जातो, दुसरा दोन महिन्यांत, फक्त शेवटचा नऊ महिने राहतो. सरासरी काढायची सोपी रीत म्हणजे हप्त्यांच्या संख्येत एक मिळवून निम्मे करायचे. नऊ अधिक एक, दहा, त्याचे निम्मे पाच. म्हणजे ३३,५०० रुपये मी सरासरी पाच महिने वापरले आणि त्याचे ३,१४७ दिले. पाच महिन्यांना ९.४ टक्के, तर बारा महिन्यांना साडेबावीस टक्के. ज्याला नेमकं हवं त्याने एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये हे टाकावं:

```
=RATE(9,-4072,33500)*12
```

९ म्हणजे हप्ते, ४,०७२ म्हणजे एकूण गेलेले पैसे भागिले नऊ, आणि ३३,५०० म्हणजे एकरकमी दिल्यावरची किंमत. उत्तर बावीस टक्के येतं. स्लिपवर १६ होते, तोंडी शून्य होतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिसरा आकडा. तिथे छापील ३६,००० टाकले तर हिशेब पुन्हा गोड दिसायला लागतो, म्हणून तिथे एकरकमी किंमतच टाकायची.

"पैसे हातात राहतात, बँकेत व्याज मिळतं" हेही मी ताडून पाहिलं. सात टक्क्यांची ठेव धरली तरी ३३,५०० वर पाच महिन्यांचं व्याज हजाराच्या आतच राहतं. ते वजा करूनही दोन हजारांवर जास्त गेले.

या सगळ्यात रिझर्व्ह बँकेचे नियम काय म्हणतात तेही मी शोधलं, कारण आपल्याला हक्काने काय मागता येतं ते माहीत असलेलं बरं. २०१३ च्या सप्टेंबरमध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, आणि कार्डावरच्या अशा योजनांत व्याज बहुतेकदा प्रोसेसिंग फीच्या आड लपवलेलं असतं. २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत ते आणखी स्पष्ट केलं. व्यवहार हप्त्यांत बदलण्याआधी मुद्दल, व्याज आणि नो-कॉस्ट करण्यासाठी दिलेली सूट वेगवेगळी दाखवली पाहिजे, आणि बिलातही ती वेगळी आली पाहिजे. माझ्या स्लिपवर ते आकडे होते ते यामुळेच. पण या नियमाची मर्यादाही याच फ्रिजने दाखवली. बँकेने तिचं व्याज दाखवलं, दुकानदाराने रोख गिऱ्हाइकाला दिलेली सूट मला नाकारली ते कुठल्याच कागदावर येत नाही. फायनान्स कंपनीच्या हप्त्यांतही तसंच. तिथे कर्जाआधी मुख्य तथ्यांचं पत्रक देणं आता बंधनकारक आहे, त्यात फीसकट वार्षिक खर्चाची टक्केवारी असते. ती जरूर वाचावी. पण ती टक्केवारी कर्ज देणारा काय घेतो त्याची असते, वस्तूची किंमत किती फुगवली आहे ते तिला ठाऊक नसतं.

म्हणून तपासायचं ते किमतीच्या बाजूनेच. माझी पद्धत आता ठरली आहे. दुकानात गेल्यावर हप्त्यांचा विषयच काढायचा नाही. आधी एकरकमी यूपीआयने दिले तर शेवटची किंमत किती, ते पक्कं करून घ्यायचं, डिलिव्हरी आणि बसवण्याचे पैसे धरून. तो आकडा लिहून घ्यायचा. मग विचारायचं, आता हप्त्यांत किती? ऑनलाइन घेताना पैसे भरायच्या पानावर आधी यूपीआय निवडून एकूण रक्कम बघायची, मग नो-कॉस्ट ईएमआय निवडून बघायची. कार्डाची जी तात्काळ सूट एकरकमी पैसे भरल्यावर दिसते ती हप्ते निवडल्यावर गळून पडते का, याकडे खास लक्ष द्यायचं. गळून पडली तर तेच तुमचं व्याज.

कधीकधी कॅशबॅकवाला प्रकारही असतो. त्यात सूट आधी मिळत नाही. पूर्ण ३६,००० चं कर्ज होतं, हप्ता ४,००० ऐवजी ४,२७१ येतो आणि व्याजाचे पैसे काही महिन्यांनी जमा होतात. हप्त्याला महिने गुणून छापील किमतीपेक्षा जास्त येत असेल तर हा प्रकार आहे असं समजायचं आणि कॅशबॅक कधी येणार ते लेखी घ्यायचं.

नो-कॉस्ट हप्ते घेऊच नयेत असं माझं म्हणणं नाही. दिवाळीत मुलाचा फोन मी याच पद्धतीने तपासून घेतला. तीन दुकानांत आणि दोन ॲपवर एकरकमी किंमत आणि हप्त्यांची किंमत तंतोतंत तीच निघाली, म्हणजे व्याज खरोखर कंपनी भरत होती. तिथे फक्त फी आणि व्याजावरचा जीएसटी गेला. सहा महिन्यांच्या सोयीसाठी तेवढे मी आनंदाने दिले.

एक गोष्ट नणंदेच्या अनुभवातून. तिने हप्त्यांवर घेतलेला लॅपटॉप आठ दिवसांत परत केला. दुकानाकडून पैसे कार्डावर परत आले, पण सूट वजा होऊन जेवढं कर्ज झालं होतं तेवढेच. हप्ते आपोआप थांबले नाहीत, बँकेला वेगळं कळवावं लागलं. फी आणि तोवर लागलेलं व्याज तिचं गेलं ते गेलंच. वस्तू परत करायची वेळ आली तर ती परत केल्याच्या दिवशीच बँकेत ईएमआय रद्द करायची विनंती नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा.

परवा सासूबाईंसाठी पाण्याचा फिल्टर बघायला त्याच दुकानात गेले होते. फलकावर १८,००० आणि नो-कॉस्ट ईएमआय मोठ्या अक्षरांत. मी एकरकमी किती विचारलं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं आणि कॅल्क्युलेटर न काढताच म्हणाले, "वहिनी, तुम्हाला सोळा आठशे."