बेसिनचा मिक्सर: सिंगल लिव्हर की दोन नॉबचा? आधी होल मोजा, मग खालचा पाइप बघा

गिरगावात चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या मावशीच्या बेसिनला तडा गेला, तेव्हा तिने मला एवढंच विचारलं, "अरे, एका दांडीचा नळ घेऊ की दोन चाव्यांचा?" मुंबईत बाथरूम नव्याने करणारा जवळजवळ प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो. पण उत्तर नळाच्या दिसण्यावरून ठरत नाही. बेसिनला होल किती आणि किती अंतरावर आहेत, आणि मिक्सरच्या बुडाला कोणते आटे आहेत, या दोन गोष्टी आधी कळायला हव्यात. त्यामुळे मी मावशीला दुकानात नेण्याआधी तिच्या घरी टेप घेऊन गेलो.

होलापासून सुरुवात करू. सिंगल लिव्हर मिक्सरला एकच होल लागतं, साधारण ३५ मिमीचं. दोन नॉबच्या मिक्सरचे मात्र तीन प्रकार आहेत. पहिला 'सेंटर होल'. याच्या एकाच बुंध्यावर दोन नॉब असतात आणि तोही ३५ मिमीच्या एका होलात बसतो. दुसऱ्यात एकाच पट्टीवर दोन नॉब आणि मधे तोटी असते. याचे गरम आणि थंड पाण्याचे पाय एकमेकांपासून ४ इंचांवर, म्हणजे सुमारे १०२ मिमीवर असतात. तिसरा तीन सुट्या तुकड्यांचा. त्याची बाहेरची होलं बहुधा ८ इंचांवर, २०३ मिमीच्या आसपास असतात आणि तुकडे खालून पाइपांनी जोडतात, त्यामुळे अंतर थोडं पुढेमागे चालतं. ४ इंचीला तेवढीही मुभा नाही, कारण त्याचे पाय पट्टीला घट्ट जोडलेले असतात. ९५ मिमीच्या होलांत तो मारूनमुटकून बसवायला गेलं की बेसिनच तडकतं.

अंतर मोजायचं ते एका होलाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत. कडेपासून कडेपर्यंत मोजल्याने चुकलेली बरीच घरं मी पाहिली आहेत. मध्य नेमका सापडत नसेल, तर एका होलाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. होलं सारख्या मापाची असतील तर आकडा तोच येतो.

निवड करताना एक गोष्ट फार उपयोगी पडते. तीन होलांच्या ४ इंची बेसिनवर सिंगल लिव्हर बसवता येतो, बाजूची होलं खाली लावायच्या पट्टीने झाकली जातात. एका होलाच्या बेसिनवर ४ इंची मिक्सर मात्र बसणार नाही. म्हणून बेसिन नवं घेणार असाल आणि नळाचं अजून ठरत नसेल, तर तीन होलांचं घ्या, दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. भिंतीतून येणाऱ्या मिक्सरचा प्रकार निराळा. त्याची जोडणी बहुधा १५० मिमी अंतरावर असते, आणि ती टाइल लावण्याआधीच ठरवावी लागते.

आता खालचे पाइप. यावर दुकानात सगळ्यात कमी बोललं जातं आणि गळती सगळ्यात जास्त इथेच होते.

सिंगल लिव्हरच्या बुडाला दोन बारीक होलं शेजारी-शेजारी असतात, आतून आटे असलेली. बहुतेकांत हे आटे एम-१० मापाचे असतात, म्हणजे १० मिमी व्यास आणि एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंत १ मिमी. पाइपाच्या वरच्या टोकाला त्याच मापाची पितळी पिन असते, आणि खालच्या टोकाला अँगल कॉकवर, म्हणजे बेसिनखाली भिंतीतून निघणाऱ्या छोट्या कॉकवर, बसणारा अर्ध्या इंचाचा नट. जोडीतल्या एका पाइपाची पिन आखूड आणि दुसऱ्याची लांब असते. हा दोष नव्हे, मुद्दाम केलेलं असतं. दोन्ही पिना सारख्या असत्या तर त्यांच्या षटकोनी कॉलरी एकमेकींना अडल्या असत्या. आधी आखूड पिनेचा पाइप पूर्ण बसवायचा, मग लांब पिनेचा. एक पाइप बदलायची वेळ आली तर काढलेला आखूड होता की लांब, ते बघूनच नवा घ्या.

४ इंची मिक्सरचे पाय बाहेरून आटे असलेले, अर्ध्या इंचाचे असतात. त्यांना दोन्ही टोकांना अर्ध्या इंचाचे नट असलेला नेहमीचा कनेक्शन पाइप लागतो, जो कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतो. सेंटर होलवाला दिसायला दोन नॉबचा असला तरी पाइपाच्या बाबतीत तो बहुधा सिंगल लिव्हरचाच भाऊ असतो, एम-१० चा. "दोन नॉबचा आहे, अर्ध्या इंचाचे पाइप द्या" असं सांगून आणलेले पाइप मग परत करावे लागतात.

परदेशातून आणलेल्या मिक्सरमध्ये आणखी एक अडचण येते. युरोपातल्या बऱ्याच मिक्सरच्या पाइपांचा खालचा नट तीन सूत मापाचा, म्हणजे ३/८ इंची असतो. आपला अँगल कॉक चार सुताचा. मधे रिड्यूसर लावण्यापेक्षा वर एम-१० आणि खाली अर्धा इंच असे पाइप नवे घ्यावेत, एक सांधा कमी होतो. वरचं माप मात्र गृहीत धरू नका. काही मिक्सरना एम-८ पिन लागते. पिन हाताने चार-पाच आटे सरळ, न अडखळता गेली पाहिजे. दुसऱ्याच आट्यावर अडली तर पाना लावू नका, माप चुकलेलं आहे. जोर केलात तर मिक्सरचे पितळी आटे जातात, आणि ते दुरुस्त होत नाहीत.

एम-१० पिनेवर पाणी अडवण्याचं काम छोटी ओ-रिंग करते, आटे नव्हे. त्यामुळे तिथे टेफ्लॉन टेप लावायची नाही. टेप लावली की पिन पूर्ण आत जात नाही, ओ-रिंग आपल्या जागी बसत नाही, आणि मग प्लंबर गळतीवर आणखी टेप गुंडाळतो. हाताने घट्ट करायचं आणि पान्याने फार तर पाव फेरा. खालच्या अर्ध्या इंचाच्या नटातही सपाट रबरी वॉशर असतो, तिथेही टेप नको.

मावशीकडचं माप असं होतं. मिक्सर जमिनीपासून ८५० मिमीवर येणार होता आणि अँगल कॉकची तोंडं ५५० मिमीवर होती, म्हणजे सरळ उभं अंतर ३००. दोन अँगल कॉक एकमेकांपासून १५० मिमीवर, म्हणजे मध्यापासून प्रत्येकी ७५. तिरकं अंतर साधारण ३१० निघतं, आणि कॉक भिंतीलगत तर मिक्सर थोडा पुढे असल्यामुळे ते ३३० पर्यंत जातं. ३०० मिमीचा पाइप पोहोचलाच नसता. ६०० चा पेडस्टलच्या आत दुमडला असता, आणि दुमडला की तिथेच पाणी अडतं. ४५० मिमीचा हलका बाक घेऊन बसला. अँगल कॉक एकमेकांपासून १२० वर आहेत की १८० वर, याने लवचिक पाइपांना फरक पडत नाही, लांबी पुरली की झालं.

आता मूळ प्रश्न. मावशीच्या डोक्यावरच गच्चीतली टाकी आहे. नळापासून टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत जेमतेम ४ मीटर, म्हणजे दाब ०.४ बार. खालच्या प्रत्येक मजल्याला ३ मीटरनी दाब वाढतो, त्यामुळे दुसऱ्या मजल्यावर तो १ बारच्या घरात जातो. सिंगल लिव्हर वरच्या मजल्यावर चालत नाही असं सर्रास सांगतात, आणि मलाही तेच वाटत होतं. म्हणून मापून बघितलं. अँगल कॉकला नुसता पाइप लावून लिटरचं भांडं ८ सेकंदांत भरलं. ओळखीच्या दुकानदाराकडून आणलेला ४ इंची मिक्सर दोन्ही नॉब उघडून जोडला, तर १२ सेकंद लागले. सिंगल लिव्हरला १९ सेकंद लागले.

फरक मोठा आहे. तो कार्ट्रिजमधल्या, म्हणजे दांडीखाली पाणी सोडणाऱ्या-अडवणाऱ्या भागातल्या, अरुंद वाटेमुळे पडतो आणि एम-१० पिनेमुळेही, कारण तिच्या आतलं भोक साधारण ६ मिमीचंच असतं. म्हणजे कमी दाबासाठी म्हणून दोन नॉबचा सेंटर होल मिक्सर घेतला तर पिनेचा हा अडथळा तसाच राहतो. कमी दाबाचा फायदा हवा असेल तर अर्ध्या इंचाच्या पायांचाच घ्यावा लागेल.

पण १९ सेकंदांत १ लिटर म्हणजे मिनिटाला ३ लिटरहून थोडं जास्त. हातपाय, तोंड धुवायला एवढं पाणी पुरतं. शॉवरला पुरलं नसतं, बेसिनला पुरतं. मावशीची मनगटं संधिवाताने धरलेली आहेत. गोल नॉब पिळताना तिला होणारा त्रास मी पाहिला आहे, आणि दांडी ती कोपरानेही उचलू शकते. तिने सिंगल लिव्हर घेतला आणि माझ्या मते बरोबर घेतला.

तिच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना मात्र मी दोन नॉबचाच सुचवला. त्यांच्याकडे गॅस गीझर आहे. सिंगल लिव्हरची दांडी सवयीने मधोमध उचलली जाते, गरम लाइनमधूनही पाणी वाहू लागतं आणि गीझर पेटतो, मग हवं असेल फक्त चूळ भरण्यापुरतं थंड पाणी. दोन नॉबमध्ये गरम नॉब बंद तो बंद. शिवाय जुन्या इमारतीच्या जीआय पाइपांतून गंजाचे कण येतात. एक कण सिंगल लिव्हरच्या कार्ट्रिजमध्ये अडकला की सगळा नळ ठिबकतो, आणि कार्ट्रिज त्याच मॉडेलचं शोधावं लागतं, ३५ की ४० मिमीचं हेही बघून. दोन नॉबमध्ये एक बाजू बिघडली तर ती अँगल कॉकवरून बंद करून दुसऱ्या बाजूने काम चालतं. आणि ज्यांच्या बेसिनला गरम लाइनच नाही, त्यांनी मिक्सर घेऊ नये. साधा पिलर कॉक घ्यावा.

मिक्सर कोणताही असो, पाइप जोडण्याआधी दोन्ही अँगल कॉक उघडून बादलीत मिनिटभर पाणी सोडा. मावशीकडे पहिल्या अर्ध्या बादलीत तांबूस पाणी आणि तळाशी वाळूसारखे कण आले. एम-१० चे पाइप बेसिनच्या होलातून खालून वर ढकलून मिक्सर हातात धरूनच बसवले, कारण दोन पाइपांचे अर्ध्या इंचाचे नट ३५ मिमीच्या होलातून वरून खाली एकामागोमाग नेताना अडतात. गरम पाइप डावीकडे. मग खालून घोड्याच्या नालेसारखी पट्टी आणि रबर चढवून नट आवळला.

पाणी सोडल्यावर कॉलरीभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून ठेवला. लगेच काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लांब पिनेच्या बाजूचा कागद बोटभर ओला निघाला. पिन पुरी आत गेली नव्हती, अर्धा आटा बाहेर होता. पाइप सोडून ओ-रिंग तपासली, ती शाबूत होती. पुन्हा सरळ बसवून पाव फेरा आवळला. तिसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला, "कागद कोरडा आहे रे." तिला मी आणखी एकच सांगितलं आहे. फरशीला ॲसिड लावायचं त्या दिवशी पाइपांवर जुनी पिशवी गुंडाळ, आणि पाइपांवरच्या तारेच्या जाळीवर तपकिरी ठिपके दिसले किंवा तुटकी तार बोटाला टोचली, तर मला लगेच कळव.