डिजिलॉकर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वडिलांची कागदपत्रे त्यांच्या फोनवर असावीत म्हणून आठ महिन्यांपूर्वी मी त्यांचे डिजिलॉकर खाते उघडायला घेतले. नाव, जन्मतारीख, मोबाइल क्रमांक आणि सहा आकडी पिन भरायला पाच मिनिटेही लागली नाहीत. मात्र आधार जोडताना ओटीपी त्यांच्या हातातल्या फोनवर आलाच नाही. तो आधारच्या नोंदीत असलेल्या क्रमांकावर जातो आणि तो क्रमांक बाबांनी कधीच बंद केला होता. नोंदीत कोणता क्रमांक आहे हे आधी पाहायचे असेल, तर आधारच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकाची वैधता तपासावी. तिथे जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. मी हे उशिरा पाहिले. मग आधार केंद्रात जाऊन, बोटांचे ठसे देऊन, बाबांनी नवा क्रमांक नोंदवला. नोंद अद्ययावत झाल्यावर ओटीपी आला आणि आधारपत्र लगेच खात्यात उतरले.

वाहन परवान्याने मात्र खरी दमछाक केली. परवाना मागवताना नाव आपण टाइप करत नाही, ते आधारवरून आपोआप भरले जाते. बाबांच्या आधारवर मधले नाव पूर्ण आहे आणि जुन्या परवान्यावर केवळ आद्याक्षर, त्यामुळे क्रमांक बिनचूक भरूनही नाव जुळत नसल्याचाच संदेश येत राहिला. तीनदा प्रयत्न केल्यावर लक्षात आले की दुरुस्ती अॅपमध्ये नव्हे, परिवहन विभागाच्या नोंदीत करायला हवी. त्यासाठी सारथी पोर्टलवर नावातील बदलाचा अर्ज करावा लागला, आणि नोंद सुधारल्यावर परवाना पहिल्याच खेपेस आला.

दरम्यान मी एक चूक केली होती, ती सांगायलाच हवी. परवान्याचा फोटो काढून तो 'अपलोडेड' भागात टाकला आणि काम झाले असे समजून स्वस्थ बसलो. प्रत्यक्षात तो आपलाच फोटो आपल्याच कपाटात ठेवण्यासारखा प्रकार आहे. 2016 च्या डिजिटल लॉकर नियमांत 2017 साली झालेल्या दुरुस्तीनुसार मूळ कागदाच्या बरोबरीचा दर्जा मिळतो तो 'इश्यूड' भागातील, म्हणजे देणाऱ्या खात्याच्या नोंदीतून थेट आलेल्या दस्तऐवजाला. आपण चढवलेल्या प्रतीला किंवा स्क्रीनशॉटला नाही.

पीडीएफ उतरवून घेतल्यावर डिजिटल स्वाक्षरीजवळ पिवळे प्रश्नचिन्ह दिसले, तेव्हा बाबांनी दस्तऐवज खोटा आहे की काय असे विचारले. त्याचा अर्थ इतकाच की त्या उपकरणावर स्वाक्षरीची पडताळणी अजून झालेली नाही. संगणकावरील पीडीएफ वाचकात ती करून घेता येते. गाडी चालवताना मात्र बाबा पीडीएफऐवजी अॅपमधलाच परवाना दाखवतात, आणि फोनचे चार्जिंग संपेल या धास्तीने प्लास्टिकचे कार्डही पाकिटात ठेवतात.