इन्स्टंट की स्टोरेज? कोमट पाण्याचा हिशेब

माझे दोन्ही प्रकारचे गीझर वापरून झालेत. आधी तीन किलोवॅटचा इन्स्टंट होता, आता पंधरा लिटरचा स्टोरेज आहे. इन्स्टंटचं एक दुखणं मात्र अजून विसरलेलो नाही. पहिले दोन-तीन मग कढत यायचे आणि अंगाला साबण लावून होईपर्यंत पाणी कोमट.

मला वाटलं, कॉइलवर क्षार धरला असणार. दिवाही सारखा विझत-पेटत होता आणि आतून चटचट आवाज यायचा. मेन स्विच बंद करून कॉइल काढली, तर तिच्यावर पांढरा, खडबडीत थर. सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात तासभर ठेवल्यावर तो सुटला. थरामुळे कॉइलची वीज कमी होत नाही. ती जास्त तापते, आतल्या आत पाणी उकळतं आणि थर्मोस्टॅट वीज लवकर तोडतो. साफसफाईनंतर दिवा स्थिर झाला, आवाजही गेला. पाणी मात्र कोमट ते कोमटच!

मग लिटरभराचं भांडं नळाखाली धरून घड्याळ लावलं. पंधरा सेकंदांत भरलं, म्हणजे मिनिटाला चार लिटर. तीन किलोवॅट मिनिटाला एक लिटर पाणी साधारण ४३ अंशांनी तापवतात, म्हणून चार लिटरला जेमतेम ११ अंश वाट्याला येतात. थंडीत नळाचं पाणी १८ अंशांचं असेल, तर हाती २९. सुरुवातीचे ते कढत मग म्हणजे आतल्या छोट्या टाकीत आधीच तापलेलं पाणी. धार निम्मी केली की ३९ अंश मिळतात, पण मग पंधरा लिटरची बादली भरायला साडेसात मिनिटं लागतात आणि शॉवर विसरायचा. व्होल्टेज पडलं तर आणखी वाईट, कारण २३० च्या जागी २०० आलं की ताकद पाऊण उरते.

थोडक्यात, दिवा सतत पेटलेला असूनही पाणी कोमट असेल तर आधी धार मोजा. विझत-पेटत असेल तर थर बघा.

स्टोरेजलाही क्षार धरतोच, आणि वीस-बावीस मिनिटं आधी बटण दाबायला विसरलात की पंचाईत. जागाही खातो. पण ६० अंशांचं पंधरा लिटर पाणी थंडात मिसळलं की ४० अंशांचं जवळपास अठ्ठावीस लिटर होतं आणि नळ पूर्ण सोडता येतो. एकामागून एक चौघं आंघोळ करणारी असतील तर माझा हिशेब कदाचित बदलेल, पंधरा लिटर तिथे पुरणार नाहीत. मला मात्र नळाच्या चावीशी रोजची झटापट नको होती.

इन्स्टंट फेकला नाही. स्वयंपाकघरातल्या सिंकवर लावलाय, तिथे धार तशीही बारीकच लागते.