`.env` सात महिने, सीक्रेट्स मॅनेजर चार महिने: एका # ने खाल्लेला वेळ

काल रात्री स्क्रीनवर पुन्हा `password authentication failed` दिसलं, म्हणून लिहायला बसलो. पासवर्ड कोडमध्ये का ठेवू नयेत हे तुम्हाला ठाऊक आहेच, ते सोडून देतो.

`.env`, म्हणजे ॲपचे पासवर्ड आणि सेटिंग्ज ठेवायची साधी फाइल. तिच्यावर माझा खरा राग # या एका चिन्हावरून आहे. समजा ओळ अशी आहे:

```
DB_PASSWORD=k7#Qm2$x
```

पासवर्ड आठ अक्षरांचा. नोडचं `dotenv` आवृत्ती 15 पासून, अवतरणात नसलेल्या # पुढचा मजकूर कॉमेंट समजून टाकून देतं. पासवर्ड लॉगमध्ये छापायचा नाही, म्हणून मी नुसती लांबी छापली, तर 2! एकेरी अवतरणात घातल्यावर 8 आली आणि सगळं चाललं. मग तीच फाइल `docker run --env-file` ला दिली आणि लांबी झाली 10. तिथे अवतरणचिन्हं निघत नाहीत, ती पासवर्डातच जाऊन बसतात. फाइल एकच, पण वाचणारा बदलला की नियम बदलला. शेवटी वैतागून नुसती अक्षरं आणि अंक असलेला लांबलचक पासवर्ड बनवला.

त्यातच एकदा `.env` कमिट झाली. नंतर `.gitignore` मध्ये नाव घालून उपयोग नसतो, `git rm --cached .env` करावं लागतं. तेवढं करूनही जुन्या कमिटमध्ये त्यातली गुप्त की शाबूतच राहते, म्हणून आधी की रद्द केली आणि मग बाकीची आवराआवर.

सीक्रेट्स मॅनेजर, म्हणजे पासवर्ड सांभाळून मागितल्यावर ॲपला देणारी सेवा, तिला मी बराच काळ नाकं मुरडली, कारण दर सीक्रेटमागे भाडं आणि दर वाचनामागे वेगळा आकार. पैसे वाचवायला सगळं एकाच जेसनमध्ये कोंबलं. मग पेमेंटची की ज्याला हवी त्याला डेटाबेसचा पासवर्डही दिसू लागला. मुकाट्याने वेगळे केले. पण पासवर्ड आहे तसाच परत मिळतो, # सकट, यावर मी खूश आहे. मॅनेजर उघडायची किल्ली पुन्हा `.env` मध्ये ठेवण्याचा विनोद टळला, कारण सर्व्हरलाच वाचायच्या परवानगीचा रोल देता येतो.

तर कालची भानगड. मॅनेजरने पासवर्ड आपोआप बदलला दुपारी आणि ॲप पडलं रात्री. पोस्टग्रेसमध्ये पासवर्ड बदलला तरी उघडी कनेक्शन्स तुटत नाहीत, त्यामुळे ॲपने उघडून ठेवलेल्या कनेक्शन्सचा पूल जुन्याच कनेक्शन्सवर निवांत चालला होता. रात्री गर्दी वाढली, नवीन कनेक्शन लागलं आणि सुरू होताना वाचलेला जुना पासवर्ड नाकारला गेला. प्रत्येक रिक्वेस्टला मॅनेजरकडून वाचायचं म्हटलं तर बिल फुगतं. म्हणून आता पाच मिनिटांचा कॅश ठेवलाय, आणि लॉगिन नाकारलं की कॅश टाकून एकदाच नव्याने वाचतो. दुसऱ्यांदाही नाकारलं तर सरळ एरर देऊन थांबायचं, नाहीतर ॲप लूपमध्ये वाचत बसेल आणि त्याचंही भाडं मीच भरणार.

लॅपटॉपवरच्या खोट्या डेटाबेससाठी `.env` अजून आहे. त्यात # नाही.